आयर्विन पुलावर किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागते?

"आमचे बैठे घर सांगलीत कृष्णाकाठच्या सखल भागात आहे. आत एक माळा आहे आणि गच्चीवर जायला बाहेरून लोखंडी जिना आहे. २०१९ मध्ये घरात साडेपाच फूट पाणी होते आणि २०२१ मध्ये साडेतीन फूट. दोन्ही खुणा अजून भिंतीवर आहेत. दोन्ही वेळा शेवटच्या दोन तासांत धावपळ झाली, खरेदीखत आणि मुलीच्या गुणपत्रिका भिजल्या, आणि मेन बंद केला की नाही हे घराबाहेर पडल्यावर कोणालाच आठवेना. यजमान नोकरीसाठी बाहेरगावी असतात, त्यामुळे या पावसाळ्यात मी आणि ८१ वर्षांच्या सासूबाई अशा दोघीच घरात असू. वीज नेमकी केव्हा आणि कशी बंद करावी, आधी काय उचलावे आणि किती उंच ठेवावे?"
— एक वाचक, सांगली

ताई,

भिंतीवरच्या त्या दोन खुणा पुसू नका, घराला रंग द्यायचा झाला तरी तेवढ्या वाचवा, कारण तुमच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यांच्यातच आहे. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे सांगलीत शाळकरी मुलालाही पाठ असते. पण ते आकडे साऱ्या शहराचे आहेत, तुमच्या घराचे नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर अशा भागांत धोका पातळी गाठण्याच्या आधीच पाणी शिरू लागते, तर काही गल्ल्या ५० फुटांपर्यंत कोरड्या राहतात. म्हणून प्रत्येक घराने स्वतःचा आकडा काढून ठेवला पाहिजे, आणि तुम्हाला तो दोन वजाबाक्यांत मिळतो.

२०१९ मध्ये पुलाजवळ पाणी सुमारे साडेसत्तावन्न फुटांवर गेले होते आणि तेव्हा तुमच्या घरात साडेपाच फूट होते, म्हणजे तुमची फरशी ५२ फुटांना येते. २०२१ मध्ये पातळी ५५ फुटांच्या आसपास होती आणि घरात साडेतीन फूट होते, म्हणजे फरशी साडेएक्कावन्नला येते. हा अर्ध्या फुटाचा फरक तुमच्या मोजण्यातली चूक असेलच असे नाही. पुराच्या पाण्याचा पृष्ठभाग पुलापासून तुमच्या दारापर्यंत तंतोतंत सपाट नसतो, आणि खाली हरिपूरजवळ वारणा किती जोरात येऊन मिळते त्यावर कृष्णेचे पाणी मागे किती तुंबते हे दर वेळी बदलते. अशा वेळी दोन आकड्यांतला कमी आकडा धरावा. तुमच्या उंबऱ्याची पातळी साडेएक्कावन्न फूट, असे स्वयंपाकघराच्या दारामागे ठळक लिहून ठेवा.

मात्र हा आकडा घरात पाणी येण्याचा झाला. घराबाहेर पडण्याचा आकडा वेगळा आणि त्याहून कमी असतो. पाणी उंबऱ्याला लागते तेव्हा गल्लीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात ते आधीच मांडीला लागलेले असते, आणि सासूबाईंना घेऊन तुम्हाला त्याच कोपऱ्यावरून जायचे असते. त्या कोपऱ्याची खोली मोजायला गवंड्याला बोलवा. त्याच्याकडे पाणी भरलेली पारदर्शक नळी असते, तिचे एक टोक उंबऱ्याशी आणि दुसरे कोपऱ्यावर धरले की दोन जागांमधला उंचीचा फरक अर्ध्या तासात अचूक कळतो. गल्ली लांब असेल तर तो दोन-तीन टप्प्यांत मोजील. समजा, कोपरा उंबऱ्यापेक्षा अडीच फूट खाली निघाला, तर त्या कोपऱ्यावर पाणी ४९ फुटांना येणार. त्यात नाल्यातून उलटे फिरणारे पाणी धरा, कारण सखल भागात नदी रस्त्याने येण्याच्या आधी नाल्यातून आणि गटारातून येते, आणि निघण्याचा आकडा ४७ ठरवा. पुढचे सारे मी हाच आकडा धरून लिहितो आहे; तुमचा कोपरा वेगळा निघाला तर तेवढा फरक करून घ्या.

आता वेळेचा हिशेब. कृष्णेचा पूर महाडच्या किंवा चिपळूणच्या पुरासारखा एका रात्रीत अंगावर येत नाही. तो बहुधा सांगून येतो, आणि तुमच्यासाठी हीच सर्वांत मोठी सोय आहे. कोयनेतून सोडलेले पाणी सांगलीला पोहोचायला साधारण एक दिवस किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. पण धरणाच्या खालच्या मोकळ्या पाणलोटात पाऊस कोसळत असेल, तर विसर्ग न वाढताही नदी चढते, म्हणून केवळ कोयनेच्या बातमीवर विसंबून राहू नका. पुलाजवळची पातळी तीन-चार तासांच्या अंतराने दोनदा लिहून घ्या आणि पाणी ताशी किती इंच चढते ते काढा. ताशी तीन इंचांचा वेग असेल तर ४५ वरून ४७ व्हायला आठ तास लागतात. सहा इंचांचा असेल तर चारच. हे तास रात्री संपत असतील, तर ४७ ची वाट पाहू नका, त्याच संध्याकाळी उजेडात निघा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि त्यात माणसे गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वयस्कर माणसाला बोटीत बसण्याची वेळच येऊ नये, इतक्या लवकर निघणे तुमच्या हातात आहे.

विजेबद्दल मी जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांत नेमकी इथेच चूक होते. मी स्वतः आयुष्यभर विजेच्या जोडणीचे काम केले, आणि तरीही २००५ च्या पुरात माझ्याच घरात ती चूक झाली. पाणी ओसरीवर आले तेव्हा मी मेन खाली ओढला आणि निश्चिंत झालो. दहा मिनिटांनी आई ओल्या फरशीवरून चालत फ्रिजकडे गेली, तिने त्याच्या मुठीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. "हाताला मुंग्या आल्या रे," एवढेच ती म्हणाली. मेन बंद होताच इन्व्हर्टरने आपले काम चोख केले होते: वीज गेली असे समजून त्याने बॅटरीवरून घराला पुरवठा सुरू केला होता. फ्रिज तेव्हा त्याच्यावर जोडलेला होता आणि त्याचा प्लग पॉइंट फरशीपासून जेमतेम फूटभर उंचीवर होता. आई वाचली, कारण तिच्या पायांत जाड रबरी चप्पल होती.

तेव्हा ज्या घरात इन्व्हर्टर आहे, तिथे मेन बंद करणे म्हणजे वीज बंद करणे नव्हे. क्रम उलटा ठेवायचा असतो. आधी इन्व्हर्टरच्या तोंडावरचे बटण बंद करायचे, मग त्याचा प्लग भिंतीतून काढायचा, आणि त्यानंतर बॅटरीच्या तारा सोडवायच्या. तारा सोडवताना हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढून ठेवा, कारण पाना किंवा बांगडी बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकली तर मोठी ठिणगी उडते आणि धातू हात भाजण्याइतका तापतो. आधी काळी, म्हणजे ऋण बाजूची तार सोडा, मग लाल, आणि प्रत्येक तारेच्या टोकाला कापडी पट्टी गुंडाळा. घरगुती मोठ्या बॅटरीचे वजन ५० ते ६० किलो असते आणि तिच्यात आम्ल असते, त्यामुळे ती तुम्ही एकटीने उचलू नये आणि माळ्यावर तर मुळीच ठेवू नये. आदल्या दिवशी दोन तरुण हात मिळाले तर ती उभीच धरून गच्चीवर नेऊन झाकून ठेवता येईल. नाही मिळाले, तर तारा सोडवून ती तिथेच राहू द्या. बॅटरीचे नुकसान सोसता येते.

इन्व्हर्टर झाला की प्रत्येक उपकरणाचा प्लग काढा, मग बोर्डावरचे छोटे एमसीबी एकेक करून खाली करा आणि शेवटी मेन बंद करा. छोटे आधी बंद केल्याचा फायदा परतल्यावर कळतो: वीज सुरू करताना एका वेळी एकच वाट उघडता येते आणि दोष कुठे आहे ते सापडते. जुन्या घरात एमसीबीऐवजी चिनी मातीचे कटआउट असतील, तर मेन खाली ओढल्यावर तेही काढून खिशात घ्या, म्हणजे मागे घरात आलेला कोणीही चुकून पुरवठा चालू करू शकणार नाही. मोटारीचा स्टार्टर वेगळ्या जोडणीवर असेल तर तो विसरू नका. गच्चीवर सौर पॅनेल असतील तर दिवसा उजेडात ते वीज निर्माण करतच राहतात, म्हणून त्यांचा डीसी बाजूचा स्विच वेगळा बंद करावा लागतो. तो कुठे आहे हे बसवणाऱ्याकडून आजच समजून घ्या.

हे सारे कोरड्या फरशीवर, कोरड्या हातांनी, रबरी चप्पल घालून आणि बाहेर पडण्याच्या अगदी आधी करायचे आहे. पाणी फरशीवर आले आणि बोर्डापर्यंत जायला त्या पाण्यात पाय घालावा लागत असेल, तर बोर्डाला हात लावू नका. एक बोट पाणी आहे, काय होते, असा विचार त्या क्षणी मनात येतो आणि तोच जिवावर बेततो. एमसीबी हा जास्त भार आला किंवा तारा थेट एकमेकींना चिकटल्या तर उडतो. पाण्यातून शरीरात जाणारी थोडीशी गळती त्याला कळतही नाही, आणि माणसाला मारायला तेवढी गळती पुरते. अशा वेळी बाहेर पडा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर फोन करून त्या भागाचा पुरवठा खांबावरून बंद करायला सांगा. बाहेर पडतानाही विजेचे खांब, त्यांचे लोखंडी ताण आणि रस्त्यावरच्या मीटरपेट्या यांपासून लांबून चाला, कारण तुमचा मेन बंद असला तरी शेजाऱ्याचा किंवा रस्त्याच्या दिव्यांचा बंद असेलच असे नाही.

पावसाळ्याआधी एक दिवस वायरमन बोलवून दोन कामे करून घ्या. पहिले, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. हा गळती ओळखतो आणि क्षणात पुरवठा तोडतो. मात्र इन्व्हर्टरवरच्या तारा पुष्कळ घरांत त्याला वळसा घालून जोडलेल्या असतात, तेव्हा त्या तपासून घ्या आणि आरसीसीबी आहे म्हणून वर सांगितलेला क्रम सोडू नका. दुसरे, इन्व्हर्टरचे बटण, त्याचा प्लग, छोटे एमसीबी आणि मेन यांच्यावर लाल रंगाने १, २, ३, ४ असे आकडे घालून घ्या, आणि वायरमन उभा असतानाच तुम्ही स्वतः एकदा सगळे बंद करून पाहा. दोन्ही वेळा मेन बंद केला की नाही हे आठवले नाही, असे तुम्ही लिहिले आहे. यावर मी एक साधी सवय सुचवतो: सगळे बंद करून झाले की बोर्डाचा फोनवर फोटो काढायचा. बाहेर पडल्यावर शंका आली तर फोटो पाहायचा. परत जायचे नाही.

आता कागद. माझा स्पष्ट सल्ला असा की कागद उचलून उंच ठेवण्याच्या भानगडीत पडूच नका; पातळी ४० झाली की ते घराबाहेर जाऊ द्या. कागदांची पिशवी दोन-तीन किलोंची असते आणि ती मिरजेच्या किंवा विश्रामबागच्या उंच भागातील नातेवाइकांकडे एका फेरीत पोहोचते, तेव्हा त्यांच्यासाठी माळ्यावरची जागा अडवण्यात अर्थ नाही. पण कागदाकागदांत फरक असतो, तो आधी करून ठेवा. आधार, पॅन, वाहन परवाना, रेशन कार्ड, सातबारा हे पुन्हा मिळतात, आणि डिजिलॉकरमध्ये थेट शासकीय खात्याकडून आलेली प्रत कायद्याने मूळ कागदाइतकीच ग्राह्य असते. आपण स्वतः फोटो काढून तिथे ठेवलेल्या प्रतीला मात्र तो दर्जा नसतो, हा बारकावा पुष्कळांना ठाऊक नसतो. नोंदणीकृत खरेदीखताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळू शकते, तरी मूळ खत ते मूळच. पुन्हा मिळायला जड जातात त्या मुलीच्या मूळ गुणपत्रिका, नोंदणी न केलेले मृत्युपत्र, जुने करार, निवृत्तिवेतनाचे आदेशपत्र, सासूबाईंच्या उपचारांचे जुने कागद आणि घरातले फोटो. पहिली पिशवी त्यांची भरा.

पिशवी भरण्याचीही एक रीत आहे. कागद आधी पूर्ण कोरडे असले पाहिजेत, कारण पावसाळी हवेत दमट झालेला कागद प्लॅस्टिकमध्ये बंद केला तर पाणी न लागताही त्याला बुरशी येते. मे महिन्यातल्या कोरड्या दिवशी ते सावलीत पसरून ठेवा, मग बंद होणाऱ्या पिशवीत दहा-पंधराच कागद घालून हवा दाबून काढा, ती पिशवी उलटी करून दुसऱ्या पिशवीत घाला आणि वर आत काय आहे त्याची चिठ्ठी चिकटवा. गुणपत्रिका लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनच्या कडेतून पाणी आत शिरते आणि मग कागद वाळवण्यासाठी मोकळा करताच येत नाही. माझ्या ओळखीत एका मुलाची दहावीची गुणपत्रिका अशीच दोन प्लॅस्टिकांच्या मध्ये काळी पडली. सोने आणि रोकड याच वेळी घराबाहेर न्या. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायचे तर तिजोरी कोणत्या मजल्यावर आहे ते आधी विचारा, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाले तर ते भरून देण्याची जबाबदारी बँकेवर येत नाही.

एवढे करूनही एखादी फाईल भिजलीच, तर ती घाईने उघडू नका आणि इस्त्री फिरवू नका. ओले कागद एकमेकांना चिकटलेले असतात आणि ओढले की शाईसह फाटतात. फाईल आडवी ठेवून पाणी निथळू द्या, जे कागद सहज सुटतील त्यांच्यामध्ये कोरे पांढरे कागद घाला आणि पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. दोन दिवसांत बुरशी धरते, त्यामुळे कागद फार असतील आणि वेळ नसेल, तर ते पिशवीत घालून कोरड्या भागातील नातेवाइकांच्या फ्रीझरमध्ये ठेवा. ग्रंथालयांमध्येही भिजलेली पुस्तके अशीच गोठवून ठेवतात आणि नंतर सवडीने थोडीथोडी वाळवतात. भिजलेले खरेदीखत या मार्गाने वाचलेले मी पाहिले आहे.

उरलेल्या सामानाची उंची ठरवायला २०१९ ची खूण पुरेशी नाही, तिच्यावर दोन फूट धरा. तुमच्या घरात ती साडेसात फुटांना येते, म्हणजे टेबलावर, पलंगावर किंवा कपाटाच्या वर ठेवलेले सामान सुरक्षित नाही. सुरक्षित आहेत ते माळ्याचा वरचा भाग आणि गच्ची. माळा सात फुटांवर असेल तर त्याच्यावर विटांचे दोन थर देऊन फळी टाका. पण माळ्याचा स्लॅब धान्याची पोती आणि यंत्रे पेलण्यासाठी घातलेला नसतो, तेव्हा तिथे कपडे, अंथरुणे, पुस्तके, मिक्सर, टीव्ही असे हलके सामानच न्या. जड वस्तूंतले काय सोडून द्यायचे हे आत्ताच ठरवून टाका, म्हणजे ऐन वेळी फ्रिजपाशी दोन तास जाणार नाहीत. फ्रिज पुराच्या पाण्यात तरंगतो, आडवा होतो आणि दार आतून अडवून बसतो. तो रिकामा करून खिडकीच्या गजाला सुताच्या जाड दोरीने बांधा आणि विसरा. गॅसचा सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो, म्हणून रेग्युलेटर काढून, तोंडावर टोपी बसवून, तोही उभा बांधून ठेवा. जमिनीवरची पाण्याची टाकी मात्र रिकामी करू नका. काठोकाठ भरून झाकण घट्ट बांधा, नाहीतर ती जागची उपटली जाते. लाकडी कपाटांचे खण उघडून रिकामे करा, कारण भिजल्यावर ते फुगतात आणि आतले काही काढायचे तर कुऱ्हाड घ्यावी लागते.

मोरीची जाळी आणि संडासाचे भांडे यांवर वाळूच्या पिशव्या ठेवायला विसरू नका. पाणी दारातून येण्याच्या कितीतरी आधी मैलापाणी इथून वर येते, आणि अनेक घरांत फरशी ओली झाल्याचे पहिले कारण नदी नसून हीच मोरी असते. फरशी ओली म्हणजे बोर्डाचा रस्ता बंद, म्हणून हे काम मी उचलाउचलीच्याही आधी, ४० फुटांनाच करायला सांगेन.

तुम्ही दोघीच असल्यामुळे कामांची वाटणी पातळीप्रमाणे करू या. ४० फुटांना कागद, सोने, दुचाकी आणि सासूबाईंची महिनाभराची औषधे घराबाहेर जातील आणि मोरी बंद होईल. त्याच दिवशी प्रत्येक खोलीचा, कपाटाच्या आतल्या सामानाचा आणि मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढून यजमानांना पाठवा, पुढे पंचनाम्याला आणि विम्याला तो उपयोगी पडतो. शक्य असेल तर त्याच दिवशी सासूबाईही जाऊ देत. त्यांना शेवटच्या फेरीत न्यायचे ठरवले की साऱ्या घराची गती त्यांच्या पावलांवर येते. ४३ ते ४५ च्या दरम्यान माळा भरणे, फ्रिज आणि सिलिंडर बांधणे आणि बॅटरीचा निकाल लावणे उरकायचे. फोन आणि बॅटरीवरचा दिवा चार्ज करण्याची हीच शेवटची वेळ. ४७ ला, किंवा त्याआधीच्या उजेडात, १ ते ४ क्रमाने वीज बंद, बोर्डाचा फोटो, कुलूप. काही कारणाने अडकलातच, तर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे आणि आणीबाणीचा ११२. तोवर सासूबाईंना घेऊन गच्चीवर चढा. पण हा लोखंडी जिना चढायचा प्रयोग पुराच्या दिवशी प्रथम करू नका. त्याला एका बाजूने धरायला पाइप नसेल तर तो या महिन्यातच बसवून घ्या.

परतल्यावर गाळ उपसण्याच्या आधी भिंतीवरच्या नव्या खुणेसह सगळ्याचे फोटो काढा आणि तलाठ्यांचा पंचनामा होऊ द्या. वीज मात्र स्वतः सुरू करू नका, वरून सारे वाळलेले दिसले तरी नको. भिंतीतल्या पाइपांमध्ये पाणी कित्येक दिवस साचून राहते, आणि बुडालेल्या एमसीबी-आरसीसीबीच्या आत बारीक गाळ बसतो. ते वाळवून पुन्हा वापरण्याची वस्तू नाही, बदलावेच लागतात. वायरमनला मेगर घेऊन यायला सांगा आणि एकेक वाट तपासूनच चालू करू द्या. मेगर हे तारांवरचे आवरण शाबूत आहे की नाही ते सांगणारे उपकरण आहे, आणि "टेस्टर लावून पाहिला, ठीक आहे" असे कोणी म्हणाले तर ते पुरेसे धरू नका, कारण टेस्टर वीज आहे एवढेच सांगतो, ती कुठे गळते आहे हे सांगत नाही. ही तपासणी होईपर्यंत घरात बॅटरीवरचाच दिवा असू द्या, मग त्याला चार दिवस लागोत की आठ.